सप्रेम नमस्कार ते जय सहकार : पतसंस्थेच्या अध्यक्षांचे अहवालवाचन

सहकारी पतसंस्थेचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 75 नुसार बंधनकारक आहे. म्हणूनच ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने गावोगावच्या मंगल कार्यालयांत आणि शाळांच्या सभागृहांत या सभांचे असतात. सभेच्या साधारण पंधरवडाभर आधी सभासदांच्या हाती अहवालाची छापील पुस्तिका पडते. मुखपृष्ठावर संस्थेचे बोधचिन्ह, आत संचालक मंडळाची छायाचित्रे, सभेची नोटीस, मग अध्यक्षांचे मनोगत आणि शेवटी ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, नफा वाटणी व अंदाजपत्रक, असा तिचा ठरलेला क्रम असतो. सभेच्या दिवशी अध्यक्ष व्यासपीठावरून जे भाषण करतात ते बहुतेक याच मनोगताचे वाचन असते.

हे भाषण अध्यक्षांचे व्यक्तिगत नसते. ते संचालक मंडळाने आपल्या सभेत मंजूर केलेल्या अहवालाचे निवेदन असते आणि अध्यक्ष ते मंडळाच्या वतीने करतात. विषयपत्रिकेतही विषय असतो तो ‘संचालक मंडळाने सादर केलेला अहवाल, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक यांचा स्वीकार करणे’ असा. त्यामुळे भाषणात ‘मी ठेवी वाढवल्या’ असे येत नाही. ‘अहवाल सालात संस्थेच्या ठेवींमध्ये वाढ झाली’ असे येते. ‘मी’ फक्त दोन ठिकाणी शोभतो, स्वागतात आणि आभारात. हा केवळ शिष्टाचार नाही. सहकारी संस्थेत सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो, मंडळ तिला हिशेब देते आणि अध्यक्ष मंडळाचा आवाज असतो. भाषणाची सारी औपचारिकता या नात्यातून आली आहे.

सुरुवात ठरलेली असते : ‘सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार. आपल्या संस्थेच्या पंचविसाव्या वार्षिक सर्वसाधारण सभेत संचालक मंडळाच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. दिनांक 31 मार्च अखेर संपलेल्या आर्थिक वर्षाचा अहवाल व हिशेबपत्रके आपणांपुढे सादर करताना मला आनंद होत आहे.’ या एवढ्या वाक्यांत सभा कितवी, हिशेब कोणत्या तारखेपर्यंतचा आणि तो कोणाच्या वतीने, या तीन गोष्टी इतिवृत्तासाठी नोंदल्या जातात. पुढे श्रद्धांजली येते. वर्षभरात दिवंगत झालेले सभासद, ठेवीदार, हितचिंतक आणि देशाचे रक्षण करताना वीरमरण आलेले जवान यांचे स्मरण करून सभा दोन मिनिटे उभी राहते. त्यानंतर यश मिळवलेल्या सभासदांचे व त्यांच्या पाल्यांचे अभिनंदन. कित्येक अहवालांत येथेच वैकुंठभाई मेहता, धनंजयराव गाडगीळ, विठ्ठलराव विखे पाटील या सहकारातील थोर मंडळींना अभिवादन असते. हा सगळा भाग दोन-तीन मिनिटांत आटोपावा. श्रोत्यांचे लक्ष ताजे असते ते पहिल्या दहा मिनिटांत, आणि ते आकड्यांच्या वाट्याला यायला हवे.

आर्थिक आढाव्याचा क्रमही बहुतेक ठिकाणी सारखाच असतो : सभासद व भागभांडवल, राखीव व इतर निधी, ठेवी, कर्जे, थकबाकी, गुंतवणूक, नफा, लेखापरीक्षणाचा वर्ग आणि शेवटी लाभांशाची शिफारस. क्रम चांगला आहे, कारण तो ताळेबंदाच्या मांडणीजवळून जातो. अडचण येते ती प्रत्येक आकडा कसा सांगितला जातो यात. पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते, ते पतसंस्थेच्या ठेवींना लागू नाही. ठेवीदाराच्या पैशाची सुरक्षितता संस्थेच्या कर्जवसुलीवर, गुंतवणुकीवर आणि साठवलेल्या निधींवर उभी असते. तेव्हा भाषणातील या दहा मिनिटांत सभासदाला आपल्या पैशाची खरी स्थिती कळली पाहिजे.

एक कल्पित पतसंस्था घेऊन हे भाषण तपासून पाहता येते. तिच्या अध्यक्षांनी वाचले असे समजा : ‘गतवर्षी संस्थेच्या ठेवी 20 कोटी रुपये होत्या, त्या अहवाल सालात 23 कोटी झाल्या. ठेवींमध्ये 15 टक्के वाढ झाली असून हे सभासदांनी दाखवलेल्या विश्वासाचे द्योतक आहे.’ आकडे बरोबर आहेत. पण मुदत ठेवींवर आणि दामदुप्पट योजनांवर वर्षभरात जे व्याज जमा होते, तेही ठेवींच्या आकड्यात मिसळते. या संस्थेत असे 1 कोटी 20 लाख रुपये व्याजाचे जमा झाले असतील, तर सभासदांनी खरोखर नव्याने आणून दिलेली रक्कम 1 कोटी 80 लाखच ठरते, म्हणजे 9 टक्के. प्रामाणिक अहवालात एक वाक्य अधिक असते : ‘या वाढीपैकी 1 कोटी 20 लाख रुपये हे ठेवींवरील जमा व्याज आहे.’ त्याने विश्वासाचे द्योतक कमी होत नाही, फक्त ते मोजता येते.

कर्जाच्या परिच्छेदात फसगत अधिक खोल असते. त्याच संस्थेची येणे कर्जे 14 कोटींवरून साडेसतरा कोटी झाली, म्हणजे 25 टक्के वाढली. पुढचे वाक्य येते : ‘प्रभावी वसुलीमुळे थकबाकीचे प्रमाण 8 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आणण्यात मंडळास यश आले आहे.’ सभागृहात टाळ्या पडतात. आता गणित पाहावे. 14 कोटींचे 8 टक्के म्हणजे 1 कोटी 12 लाख. साडेसतरा कोटींचे 7 टक्के म्हणजे 1 कोटी 22 लाख 50 हजार. थकलेली रक्कम साडेदहा लाखांनी वाढली आहे. प्रमाण घटले ते वसुलीने नव्हे, भागाकारातील छेद मोठा झाल्याने. शिवाय वर्षाच्या उत्तरार्धात वाटलेल्या कर्जांचे हप्ते नुकतेच सुरू झालेले असतात, त्यांतली कोणती थकणार हे अजून दिसायचे असते. मार्च महिन्यात भरघोस कर्जवाटप झालेल्या संस्थेत थकबाकीची टक्केवारी हमखास चांगली दिसते. जाणते सभासद म्हणूनच टक्के ऐकले की रुपये विचारतात. चांगला अध्यक्ष ही वेळ येऊ देत नाही. तो दोन्ही आकडे लागोपाठ वाचतो आणि जोडीला किती थकीत प्रकरणांत वसुली दाखले मिळाले, किती ठिकाणी जप्तीची कारवाई सुरू आहे, वर्षभरात जुन्या थकबाकीपैकी किती रुपये प्रत्यक्ष हाती आले, हे सांगतो.

जुने कर्ज फेडण्यासाठी त्याच कर्जदाराला नवे कर्ज दिले, तर जुने खाते बंद होते आणि थकबाकी कागदावरून नाहीशी होते. बोलीभाषेत याला नवे-जुने करणे म्हणतात. भाषणात ते कधीच दिसत नाही. लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांत मात्र दिसू शकते, म्हणून अहवालाबरोबर लेखापरीक्षण अहवाल आणि मागील वर्षीच्या शेऱ्यांचा दोषदुरुस्ती अहवाल सभेपुढे ठेवणे कायद्याने आवश्यक केले आहे. बहुतेक भाषणांत यावर एकच ओळ असते : ‘संस्थेस लेखापरीक्षणात ‘अ’ वर्ग प्राप्त झाला आहे.’ वर्ग महत्त्वाचा आहेच, पण ‘अ’ वर्ग मिळालेल्या संस्थेच्या अहवालातही शेरे असतात. ते कोणते होते आणि मंडळाने त्यांवर काय केले, हे दोन-तीन वाक्यांत सांगणारा अध्यक्ष आपल्या सभासदांना मान देतो असे म्हणायला हवे. याच ठिकाणी आणखी एक माहिती यायला हवी, जी अनेकदा पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत जाते. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे व त्यांतील थकबाकी यांचे विवरणपत्र दरवर्षी सभेपुढे ठेवावेच लागते. या कर्जांत थकबाकी नसेल तर ते एका वाक्यात अभिमानाने सांगावे. असेल, तर तेही त्याच ठिकाणी सांगावे.

नफ्याचा परिच्छेद सर्वांत आतुरतेने ऐकला जातो, कारण त्याच्या पाठोपाठ लाभांश येतो. आपल्या कल्पित संस्थेचा निव्वळ नफा 24 लाख रुपये आणि भागभांडवल 1 कोटी 20 लाख रुपये आहे. कलम 66 नुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, म्हणजे 6 लाख. भागांवर 10 टक्के लाभांश द्यायचा तर 12 लाख लागतील. उरलेले 6 लाख सहकार शिक्षण निधीची वर्गणी, इमारत निधी, सभासद कल्याण निधी अशा खात्यांत वाटता येतात. लाभांशावर कायद्याने 15 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे, तेव्हा 10 टक्के त्यात सहज बसतात. अध्यक्ष वाचतात : ‘संचालक मंडळ भागभांडवलावर 10 टक्के दराने लाभांश देण्याची शिफारस करीत आहे.’ येथे ‘शिफारस’ हाच शब्द हवा. लाभांश मंजूर करण्याचा अधिकार सभेचा आहे, मंडळ तो जाहीर करू शकत नाही. उत्साहाच्या भरात ‘आम्ही या वर्षी 10 टक्के लाभांश देत आहोत’ असे म्हणणारे अध्यक्ष सभेचा विषय तिच्या आधीच निकाली काढतात.

मात्र ही सारी वाटणी ज्या 24 लाखांवर उभी आहे, तो आकडा किती पक्का आहे हे पाहावे लागते. थकीत कर्जावरचे व्याज प्रत्यक्ष वसूल झालेले नसते, तरी हिशेबात ते येणे म्हणून मांडले जाते. असे व्याज निव्वळ नफा काढताना वजा केले पाहिजे, हे कलम 65 स्पष्ट सांगते. बुडण्याची शक्यता असलेल्या कर्जांसाठीही नफ्यातून आधी तरतूद करावी लागते. आता लेखापरीक्षकाने असा शेरा दिला आहे असे धरू की तरतूद 9 लाखांनी कमी केली आहे. मग खरा नफा 15 लाखांचा उरतो. त्यातून राखीव निधीचे पावणेचार लाख गेले की सव्वाअकरा लाख राहतात. 10 टक्के लाभांशाचे 12 लाख त्यात बसतच नाहीत. म्हणजे भाषणातले लाभांशाचे वाक्य खरे ठरते की नाही, हे तरतुदींच्या एका ओळीवर अवलंबून असते, आणि ती ओळ भाषणात फारच क्वचित वाचली जाते. गेल्या वर्षीपेक्षा लाभांश कमी असेल तर त्याचे कारण अध्यक्षांनी स्वतःहून सांगावे : ‘संशयित कर्जांसाठी वाढीव तरतूद केल्याने या वर्षी लाभांशाचा दर 10 टक्क्यांऐवजी 8 टक्के प्रस्तावित केला आहे.’ सभासद नाराज होतील, पण ठेवीदार म्हणून तेच सभासद या निर्णयाने सुरक्षित होतात. निवडणुकीच्या वर्षात असे वाक्य वाचायला धैर्य लागते.

आकड्यांच्या वाचनाची भाषा साधी असावी. ‘उत्तरोत्तर प्रगती’, ‘गगनभरारी’, ‘यशाची घोडदौड’ हे शब्द अहवालांत इतके रुळले आहेत की त्यांनी काहीच कळत नाही. प्रत्येक आकड्याशेजारी गेल्या वर्षीचा आकडा असला की तेवढ्याने प्रगती किंवा घसरण दिसते. रकमा ताळेबंदात पैशापर्यंत छापलेल्या असतात, भाषणात मात्र लाख-कोटींत गोळा करून सांगाव्यात. ‘तेवीस कोटी चार लाख सत्तावीस हजार सहाशे एकोणपन्नास रुपये अठ्ठेचाळीस पैसे’ असे वाचले की मागच्या रांगांतील माणसे पुस्तिकेची पाने उलटू लागतात. गोळा केलेला आकडा छापील ताळेबंदाशी जुळतो की नाही हे सभेआधी व्यवस्थापकाकडून ताडून घ्यावे. भाषणात एक आणि पत्रकात दुसरा आकडा असला की चर्चा तिथेच अडकते.

आर्थिक आढाव्यानंतर येतो वर्षातील उपक्रमांचा भाग. नवी शाखा, संगणक प्रणालीतील बदल, सोनेतारण कर्जाचा व्याजदर, सभासदांसाठी आरोग्य तपासणी, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. यांतील प्रत्येक खर्चाला मागील सभेच्या अंदाजपत्रकात तरतूद होती की नाही हे सांगणे उचित असते. तरतुदीपेक्षा खर्च जास्त झाला असेल तर त्याला मंजुरी घेण्याचा विषय पत्रिकेत असतो, आणि त्याचे कारण भाषणातच देऊन ठेवले तर पुढे तो विषय लवकर सुटतो. पुढील वर्षाचे संकल्प थोडे आणि मोजता येणारे असावेत. ‘थकबाकी 1 कोटीच्या आत आणणे’ हा संकल्प पुढच्या वर्षी तपासता येतो. ‘संस्थेला नव्या उंचीवर नेणे’ हा तपासता येत नाही.

आभाराचा परिच्छेद सर्वांत शेवटी येतो आणि त्याचा क्रम जपून ठरवावा लागतो. प्रथम सहकार खात्याचे अधिकारी : विभागीय सहनिबंधक, जिल्हा उपनिबंधक, तालुक्याचे सहायक निबंधक. मग जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक व इतर बँका, पतसंस्थांचे फेडरेशन, लेखापरीक्षक, कायदा सल्लागार. त्यानंतर ठेवीदार, आणि वेळेवर हप्ते भरणारे कर्जदार. नियमित कर्जदारांचा वेगळा उल्लेख करण्याची पद्धत फार चांगली आहे, कारण ठेवीदारांचे व्याज त्यांच्याच हप्त्यांतून दिले जाते. मग उपाध्यक्ष व संचालक सहकारी, शाखा सल्लागार समित्या, व्यवस्थापक, सेवकवर्ग आणि रोज दारोदारी फिरून दहा-वीस रुपयांपासून रक्कम गोळा करणारे पिग्मी प्रतिनिधी. अहवाल छापणाऱ्या मुद्रकाचाही उल्लेख होतो. ‘ज्ञात-अज्ञात हितचिंतक’ या शब्दांनी उरलेल्यांना सामावून घेतले जाते आणि ‘अनवधानाने कोणाचा नामोल्लेख राहिला असल्यास क्षमस्व’ अशी पुस्ती जोडली जाते. आभार पदांचे मानावेत, व्यक्तींच्या नावांची लांबलचक यादी करू नये. नावे घेतली की एखादे राहतेच आणि ते वर्षभर लक्षात ठेवले जाते. लेखापरीक्षकाचे आभार मानतानाही भाषा तोलून वापरावी. त्याने ‘सहकार्य केले’ म्हणण्याऐवजी ‘मुदतीत लेखापरीक्षण पूर्ण करून मार्गदर्शन केले’ म्हणणे योग्य, कारण त्याचे काम मंडळाला तपासण्याचे आहे. सेवकांच्या बाबतीत मात्र नुसते शब्द अपुरे पडतात. वेतनवाढ किंवा सानुग्रह अनुदानाचा निर्णय झाला असेल तर तो इथेच सांगावा.

‘जय हिंद, जय महाराष्ट्र, जय सहकार’ म्हणून अध्यक्ष बसले की भाषण संपते, विषय संपत नाही. त्यानंतर सूचक आणि अनुमोदक पुढे येतात आणि सभेपुढे अहवाल स्वीकारण्याचा ठराव मांडला जातो. ‘मंजूर, मंजूर’ असा गलका होण्याआधी प्रश्नांसाठी वेळ ठेवणे ही अध्यक्षांची जबाबदारी आहे. पुष्कळ संस्था प्रश्न सभेपूर्वी काही दिवस लेखी मागवतात. ते सोयीचे आहे, कारण उत्तरे कागदपत्रे पाहून देता येतात. पण ऐनवेळी उठलेल्या सभासदाला त्या कारणाने गप्प बसवणे बरोबर नाही. नोटिशीच्या तळाशी बहुधा एक टीप असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेतली जाईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. हजारो सभासदांच्या संस्थेचा अहवाल यामुळे शे-दीडशे जणांच्या साक्षीनेही स्वीकारला जाऊ शकतो. जे सभेला येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी कलम 32 आहे. लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला त्यात दिला आहे.

स्वीकारलेला अहवाल, लेखापरीक्षित हिशेबपत्रके, नफा वाटणीचा तपशील आणि सभा झाल्याचे विवरण कलम 79 नुसार निबंधकांकडे पाठवावे लागते, त्याचीही मुदत 30 सप्टेंबरच असते. सभेचे इतिवृत्त लिहून त्यावर अध्यक्षांची सही होते, आणि पुढच्या वर्षीच्या सभेत पहिला विषय तेच इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो.